खांद्यावरचा हात

अकोल्याच्या एका फोटो स्टुडिओत मी रिटचिंग करायचो, म्हणजे फोटोतलं नको ते ब्रशनं झाकायचो. एकदा एक बाई लग्नानंतर काढलेला फोटो घेऊन आली. नवरा खुर्चीवर, ती मागं उभी, तिचा हात त्याच्या खांद्यावर. नवरा नुकताच वारला होता. हार घालायच्या फोटोत जिवंत माणसाचा हात नको, असं दिराचं म्हणणं पडलं.

बाईला झाकून टाकणं सोपं होतं. पण हाताखालचा खांदा कॅमेऱ्यानंही पाहिलेला नसतो. नशिबानं नवऱ्याच्या अंगातला कोट आमच्याच स्टुडिओचा होता. सगळे नवरदेव तोच घालत. मी तो चढवला, आरशासमोर बसलो आणि खांद्यावरची चुणी, बाहीची शिवण, दंडाची कड बघून बघून मोठ्या प्रिंटवर रंगवली. मग त्या प्रिंटचाच पुन्हा फोटो काढला. जोड कुठं दिसत नव्हता.

बाईनं तो बराच वेळ पाहिला. मग माझ्याकडं पाहिलं.

"त्यायचा खांदा असा पडेल नवता," ती म्हणाली. "असे तं तुमी बसता."

मी कोट पुन्हा घातला आणि ताठ बसलो.