'पाठवली नाहीत' असं वैशाली म्हणालीच नाही

वैशाली माझ्या नातवाची, प्रविणची बायको. माहेर खांबचं, हायवेवरचं. तिच्या बापाचं तिथं पंक्चरचं दुकान होतं. लग्न करून पेणला आमच्या गणपतीच्या कारखान्यात आली तेव्हा तिला रंगाच्या वासानं शिंका यायच्या, आणि आम्ही म्हणायचो, ही काय टिकत नाय. आता श्रावण लागला की कारखान्याचा फोन तिच्याकडे असतो, आणि प्रविणला आम्ही त्याच्या आसपास फिरकू देत नाही. प्रविणचा हात चांगला, पण तोंड तिखट. एकदा गिऱ्हाइकाला म्हणाला, "तुम्हाला देव घ्यायचाय की माझा जीव?" गिऱ्हाइकानं देव घेतला, पण दुसऱ्या कारखान्यातून.

वैशाली तशी नाही. समोरचा ओरडला तर ती ओरडत नाही, आणि गोड गोड बोलून खोटंही सांगत नाही. हे दोन्ही एका माणसाला जमतं ही गोष्ट मला म्हातारपणी कळली.

यंदाचीच गोष्ट सांगते.

रोह्याजवळच्या वरसे गावच्या जनीबाईंचा गणपती आमच्याकडे वर्षानुवर्षं असतो. त्यांना देव दरवर्षी एकाच रूपात लागतो. फेटा, शेला, सगळं ठरलेलं, आणि फेट्यात भाताची लोंबी. शेतकऱ्याच्या घरचा देव, मोरपीस कशाला? जनीबाई स्वतः यायच्या, आपला पाट घेऊन. तो पाट कारखान्यात ठेवायचा, त्यावरच मूर्ती बसवून घरी न्यायची, ही आमच्याकडची रीत. पाट ठेवला की रघूच्या शेजारी बैठक मारायची आणि रंगाचं एकेक सांगायचं. रघू आमचा रंगारी, डोळ्यांची आखणी तोच करतो. तो चिडायचा, "मावशी, ब्रश तुमच्याच हातात देऊ काय?" तर म्हणायच्या, "दे. तुझ्यापरीस बरा चालंल."

यंदा जनीबाई बांधावरून घसरल्या आणि पाय मोडून घरात बसल्या. पाट टेम्पोवाल्यानं आणून दिला. आता रंग कोण सांगणार? तर त्यांचा मुलगा हरेश म्हणाला, मागच्या वर्षीच्या मूर्तीचा फोटो पाठवतो. वैशालीनं त्याला बुकिंगच्या वेळीच सांगितलं होतं, "साधा फोटो नको, फाईल म्हणून पाठवा. फोटो पाठवला की बारीक होतो, रंग फसवतात."

तर चतुर्थी तोंडावर आली तरी त्यांची मूर्ती बिनरंगाची, पांढरीच पडून होती. दुपारचा टेम्पो रोह्याला जायचा होता, आणि त्यानंतरचा थेट चतुर्थीच्या सकाळचा, म्हणजे घरी पूजेची वेळ टळणार. रघू ब्रश धुऊन बसलेला. वैशालीनं फोन पाहिला, वरपासून खालपर्यंत पाहिला, आणि हरेशला फोन लावला.

"हरेशभाऊ, पेणच्या कारखान्यातून वैशाली बोलते. आईच्या गणपतीची फाईल मला अजून मिळाली नाय. रघूभाऊ रंगाला बसलेत."

फोन स्पीकरवर होता, तिच्या हाताला रंग लागलेला. त्यामुळे पुढचं सगळ्या कारखान्यानं ऐकलं.

"मिळाली नाय म्हणजे? मी कधीच पाठवलीय! परवाच! तुम्ही लोक बघत नाय आणि आम्हाला फोन करता!"

"परवा पाठवलीत, बरं. माझ्या फोनात मी आत्ता बघितलं, त्यात नाय आली. कुठं अडकली ती दोघं मिळून बघू."

"अडकली बिडकली काय नाय. मी आता धाटावला कंपनीच्या गेटवर उभा हाय, शिफ्ट चालू होतेय. आत फोन नेऊ देत नाय, जमा करावा लागतो. आणि तुम्ही म्हणता बघू? गिऱ्हाईक आलं की बुकिंग घ्यायचं आणि फाईल हरवली की आमच्यावर ढकलायचं!"

रघू मला हळूच म्हणाला, "आजी, यानं पाठवलीच नसंल. बायकोला सांगितलं असंल, बायको विसरली असंल."

मलाही तसंच वाटलं. वैशालीनं मात्र मान हलवून त्याला गप्प केलं.

"भाऊ, घाई कळतेय मला. टेम्पो दुपारीच जाणार, म्हणजे मलाही घाईच हाय. एकच गोष्ट करा. फोन कापू नका. ती फाईल जिथनं पाठवलीत तिथं जाऊन खालच्या कोपऱ्यात बघा. घड्याळ दिसतंय, एक बरोबरची खूण दिसतेय, की दोन?"

"कशाला? मी खोटं बोलतोय काय?"

"नाय हो. घड्याळ असलं तर ती तुमच्या फोनातनं निघालीच नाय. एक खूण असली तर निघाली, पण पोचली नाय. दोन असल्या तर कुठंतरी पोचली. मग कुठं शोधायचं ते मला कळेल."

तिकडं थोडा वेळ गाड्यांचेच आवाज. इकडं रघू उठला.

"वैशाली, वेळ नको घालवू. मला थोडंफार आठवतंय. फेटा गुलाबी होता. नायतर डाळिंबी. मी ठोकून देतो. वरशाला कोण बघतंय?"

"जनीमावशी बघतील," वैशाली म्हणाली. "यंदा पाय मोडून त्या दिवसभर देवाच्या तोंडाकडेच बघत बसणार. आणि गुलाबी की डाळिंबी तुम्हालाच माहीत नाय. मी नाय सांगणार त्यांना 'तुमच्या फाईलसारखं केलं' म्हणून."

रघू बसला. चेहरा असा, जणू त्यालाच फाईल हरवल्याबद्दल बोलणी बसली.

फोनमधून हरेश गरजला, "दोन! दोन खुणा हायत! बघा! पोचली का नाय?"

"पोचली," वैशाली लगेच म्हणाली. "तुमचं बरोबर हाय, पोचली. खुणा निळ्या हायत की राखाडी?"

"राखाडी."

"म्हणजे फोनात पडलीय, बहुतेक कुणी उघडून बघितलेली नाय."

हरेशचा आवाज एका पायरीनं खाली आला. माणसाला 'तुझं बरोबर' म्हटलं की त्याला श्वास घ्यायला जागा मिळते. पण नुसतं म्हणून भागत नाही, खरंच बरोबर असावं लागतं.

"मग उघडा की!"

"माझ्या फोनात ती नाय, हे मात्र मी परत सांगते, कारण ते तसंच हाय. आता शेवटचं. वर नाव लिहिलंय ना, त्यावर बोट ठेवा. नंबर दिसेल. त्याचे शेवटचे आकडे वाचा."

हरेशनं आकडे वाचले. वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हातारीनं शाळा दुसरीपर्यंतच पाहिली, पण ते आकडे मला झोपेतही येतात. आमच्या ह्यांचा नंबर!

"भाऊ, हा नंबर तुम्हाला कुठं मिळाला?"

"आमच्या पाटाच्या खाली रंगानं लिहिलाय की! 'पेण कारखाना' म्हणून. टेम्पोत पाट चढवताना बघितला आणि सेव्ह केला."

झालं. पूर्वी कारखाना आमचे हे, म्हणजे काळुराम, बघायचे, आणि कुणाचा पाट कुणाकडे जाऊ नये म्हणून प्रत्येक पाटाच्या पोटाखाली घराचं नाव आणि आपला नंबर लिहायचे. कारखाना नातवाकडे दिला, नंबर स्वतःकडे ठेवला. त्या फोनवर आता दिवसभर कुस्त्या चालतात. मेसेज आला की त्यांना वाटतं, कंपनीवाले काहीतरी विकतायत.

वैशाली हसली नाही. फोन जवळ घेतला आणि म्हणाली, "भाऊ, सापडली. तुम्ही पाठवलीत आणि आमच्या घरातच आली. आमच्या आजोबांच्या फोनात. पाटावर नंबर आमचाच, तो बदलायचं आम्हाला सुचलं नाय. चूक आमची. तुमची नाय."

मग हरेश म्हणाला, "मग आता?"

"आता तुम्ही फोन जमा करा आणि कामाला जा. फाईल आम्ही काढतो. थांबा, जरा धरा, उघडून खात्री करते. नायतर तुम्ही आत जाल आणि मी इथं वेगळीच मूर्ती बघत बसेन."

मी ओटीवर गेले. हे कुस्ती बघत होते.

"फोन द्या."

"आत्ता? पाठीवर पडतोय पैलवान."

"पडू दे. इथं गणपती पडून राहायची वेळ आलीय."

फोन ओढूनच आणला. वैशालीनं उघडला, आणि आत फायलींचा खच! खाली जात जात तिला हरेशची सापडली. आपल्या फोनवर घेतली, मोठी केली.

"हरेशभाऊ, बघा मी काय सांगते. फेटा डाळिंबी. शेला हिरव्या काठाचा, उजव्या खांद्यावरनं. पीतांबर हळदी. फेट्यात डाव्या बाजूला भाताची लोंबी. हीच ना?"

"हीच," हरेश म्हणाला. मग जरा थांबून, "वहिनी, मी मघाशी..."

"गेट बंद होईल, पळा. आईंचा फोन चालू असेल ना? रंग झाला की त्यांना दाखवते."

रघूनं मग कुणाकडे बघितलं नाही. डाळिंबी फेटा चढला, हळदी पीतांबर चढलं. "गुलाबी म्हणत होतास," मी म्हटलं, तर म्हणाला, "आजी, तुम्ही तुमचं काम करा, जावा." आखणी सोडून सगळं झालं तेव्हा वैशालीनं जनीबाईंना व्हिडिओ लावला. पाय उशीवर, चष्मा नाकावर, बाई तयारच बसलेल्या.

"फेटा बराबर. शेला बराबर. रघू, लोंबी सरळ काय केलीस? दाण्यानं वाकते ना ती? पोचट हाय काय आमचं भात?"

रघूनं मुकाट्यानं लोंबी वाकवली.

"आता डोळे काढ. नीट काढ. वैशू, फोन तसाच धर गो, मी बघत्ये."

रघू डोळे आखत होता तेव्हा सगळा कारखाना काम सोडून बघत होता. फोनातल्या जनीबाईसुद्धा. नंतर त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि म्हणाल्या, "आला. आमचाच आला."

पाटावर मूर्ती बसवून टेम्पो वेळेत गेला. प्रविण तेव्हा कुठं बाहेरून आला आणि सगळं ऐकून म्हणाला, "मी असतो तर सरळ सांगितलं असतं, तुम्ही पाठवलीच नाय म्हणून."

"म्हणून तू नव्हतास ते बरं," मी म्हटलं. "त्यानं पाठवली होती."

मी वैशालीला विचारलं, "तुला ठाऊक होतं काय गो, तो खरं बोलतोय ते?"

"नाय आजी. मला एवढंच ठाऊक होतं की माझ्याकडे आली नाय. तेवढंच मी म्हणाले. आमच्या दुकानात ट्रकवाले बाबांच्या अंगावर यायचे, 'कालच पंक्चर काढलंस, परत हवा गेली!' बाबा वाद नाय घालायचे. ट्यूब पाण्याच्या टबात बुडवायचे आणि म्हणायचे, या, बसा, बुडबुडा कुठनं येतो ते बघू. जुनंच भोक निघालं तर पैसे नाय घ्यायचे."

बोलता बोलता ती ह्यांच्या फोनातल्या बाकीच्या फायली बघत होती. कुणी नागोठण्याचं, कुणी वडखळचं. सगळ्यांच्या पाटाखाली तोच नंबर. त्यांनी पाठवून टाकलेल्या, आणि आपली फाईल पोचली या समाधानात बसलेले. अजून कुणी चिडलेलं नव्हतं, कारण अजून कुणाला फोन गेला नव्हता.

ओटीवरून ह्यांनी विचारलं, "माझा फोन मिळेल काय? कोण जिंकला ते तरी बघू दे."

"चतुर्थीनंतर, आबा," वैशाली म्हणाली, आणि पहिल्या नंबरला फोन लावला. "नमस्कार भाऊ, पेणच्या कारखान्यातून बोलते. तुमची फाईल मिळाली बरं का. उशिरा बघितली, ती आमची चूक. आता काय दिसतंय ते सांगते, तुम्ही फक्त हो-नाय म्हणा."