खिळ्यावरची काठी आणि पाद्रीबाबांचं पान

आमच्या समोरच्या दारातले बाइंडर रोज शेकडो पानं हाताखालून घालतात, वाचत मात्र एकही नाहीत. तरी त्यांच्या खिळ्याला काठी टांगलेली आणि उत्तर तयार: "शास्त्रातच आहे. काठी आवरली की पोर बिघडतं."

पोर म्हणजे बारा वर्षांची लेक. शाळा सुटली की ती बापाचं दार टाळून तडक खालच्या मजल्यावर, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकाकडे. तिचं हसणं जिन्यातून वर आलं की बाइंडरांचा खळीचा ब्रश थबकायचा.

"खाऊ देत असेल!" ते मला म्हणाले.

आगीत तेल ओतायची संधी मी कशाला सोडतोय? "छे हो, नुसतं शिकवतो. काल ती त्याला चुकून बाबा म्हणाली."

माणूस जळून खाक!

परवा पाद्रीबाबा शिवायला टाकलेलं जुनं बायबल न्यायला आले. बाइंडरांनी धाकट्या भावाला, त्या घड्याळवाल्याला, वर बोलावलं. मागोमाग लेकही आली. मी होतोच.

"बायबलातल्या नीतिसूत्रांतलं ते काठीचं वचन याला ऐकवा. माझी मुलगी बिघडवतोय हा."

पाद्रीबाबांनी पान काढलं. "बिघडण्याचं इथे नावच नाही. ते कित्येक शतकांनी एका चेष्टेच्या कवितेतून येऊन याला चिकटलं. इथलं म्हणणं एवढंच: काठी आवरणारा मुलाचा द्वेष करतो, प्रेम करणारा त्याला वेळीच, झटून वळण लावतो."

"म्हणजे काठी आहेच!"

"आहे, आणि खरीखुरी आहे. तेव्हा बाप मारत. मी ती मऊ करून सांगणार नाही. पण वचनाचा भार पुढच्या अर्ध्यावर आहे. वळण म्हणजे शिकवणं, समज देणं, चूक दाखवणं. या पुस्तकातला बाप बहुतेक वेळा 'बाळा, ऐक' असंच म्हणतो. समंजसाला एक बोल शंभर फटक्यांपेक्षा खोल जातो, असंही इथेच आहे. पोराला वाऱ्यावर सोडणं, त्याला हे पुस्तक द्वेष म्हणतं. आता बोला, हिच्यासाठी झटतं कोण?"

बाइंडरांनी लेकीकडे पाहिलं.

"माझं चुकलं की काका पुन्हा दाखवतो," ती पुटपुटली. "दहादा."

"दादा, मी काही मुद्दाम..." धाकटा म्हणू लागला.

"तू गप्प बस!"

रात्रभर बाइंडरांच्या खोकल्यावरून कळलं की झोप नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या आधीच ते जिन्यात उभे! "जरा ये. पुस्तकाच्या पानांचे फर्मे शिवायला दाखवतो."

तिनं पहिलाच टाका चुकवला. बाइंडरांचा हात खिळ्याकडे गेला, अडखळला आणि शेजारचा एप्रन काढून तिच्या गळ्यात अडकवून आला. त्यांनी दोरा उसवला. "पुन्हा बघ."

चौथ्यांदा टाका बसला. "जमलं, बाबा!" ती ओरडली.

बाइंडरांनी खिडकी सताड उघडली आणि खालच्या दुकानाकडे तोंड करून म्हणाले, "काय म्हणालीस? जरा मोठ्यानं सांग!"