तीन आठवड्यांची घंटा

माझा उजवा कान पुरता गेलेला, डावा यंत्राशिवाय चालत नाही. दुपारी यंत्र काढून मी निवांत वाचत बसते, तेव्हा दार वाजलेलं कळत नाही. म्हणून पुण्याच्या लेकीनं बॅटरीवर चालणारी, कॅमेरा असलेली घंटा पाठवली. कुणी बटण दाबलं की माझा फोन थरथरतो आणि दारातला माणूस दिसतो. निजामपुऱ्यातल्या आमच्या दाराशेजारी ती मीच बसवली.

खोक्यावर लिहिलं होतं, बॅटरी काही महिने चालेल. ती तीन आठवड्यांत संपली. चार्ज केली, पुन्हा तीन आठवडे. एकदा माझी मैत्रीण बाहेर बटण दाबून दाबून परत गेली. तिनं ते लेकीला कळवलं, संध्याकाळी लेकीचा फोन.

"आई, आता हट्ट पुरे. घर बंद कर आणि इकडे ये."

"बॅटरी संपली म्हणून मी घर सोडू?"

घंटा काढून कोपऱ्यावरच्या विजेच्या सामानाच्या दुकानदाराकडे घेऊन गेले. "बेन, बॅटरी गई. नवी लई लो," तो गुजरातीत म्हणाला, नवी घ्या म्हणून. तपासलीही नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षं विजेची उपकरणं सांभाळली, न तपासता काही फेकलं नाही. घंटा उचलून घरी आले.

ॲप उघडून एका दिवसाच्या नोंदी पाहिल्या. शंभरावर! रस्त्यावरची प्रत्येक स्कूटर, रिक्षा, गाय. दर वेळी कॅमेरा जागा होई, चित्रीकरण करी आणि वाय-फायवरून पाठवी. सिग्नलही कमकुवत, कारण राउटर मागच्या खोलीत लोखंडी कपाटामागे. तेवढंच चित्र पाठवायला घंटेला जास्त वेळ रेडिओ चालू ठेवावा लागत होता.

राउटर पुढच्या खोलीत आणला. हालचाल टिपायची चौकट फक्त पायऱ्यांपुरती ठेवली, संवेदनशीलता उतरवली, चित्रफिती लहान केल्या. मग नोंदींत आणखी काही दिसलं. दिवसातून वीसेक वेळा थेट दृश्य उघडलेलं. मी तर एकदाही उघडत नव्हते; ॲप माझ्याखेरीज फक्त लेकीकडे होतं. तिला फोन लावला.

"तू दिवसभर माझं दार बघतेस?"

ती म्हणाली, "काळजी वाटते गं."

"मग मेसेज कर. तू दर वेळी उघडतेस तेव्हा बॅटरी जळते. आणि माझ्यावर पाळत मी खपवून घेणार नाही."

"रागावलीस?"

"हो."

ॲपमधून तिला काढून टाकणं माझ्या हातात होतं. काढलं नाही, तिनंच बघणं थांबवलं. आता सकाळी तिचा मेसेज येतो, मी उत्तर देते.

सहा आठवड्यांनी पाहिलं, बॅटरी निम्म्याहून जास्त शिल्लक. तो आकडा तिला पाठवला.

"बरं, जिंकलीस," तिनं लिहिलं. "पण पुण्याला ये तरी."

"दिवाळीत येईन. चार दिवस, पाहुणी म्हणून," मी लिहिलं.