उकळलेल्या बाटलीचा वास

पाळणाघरातल्या मावशींचा एकच हेका असे: बाटली उकळली की चिंता मिटली. त्यामुळे बाळानं बाटली तोंडाला लागताच मान फिरवून किंचाळायला सुरुवात केली, तेव्हा त्या त्याच्या कामावर गेलेल्या आईवरच उखडल्या. "बाईनं नासकं दूध दिलंय!"

त्यांनी फ्रिजमधल्या डब्यातलं दूध चाखून पाहिलं. ते चांगलं होतं. बाळ भुकेनं लालबुंद झालं होतं. मावशींनी बाटली रिकामी करून हुंगली, तर आंबूस भपकारा आला. बाटलीच्या तोंडाचं कडं फिरवून त्यांनी निपल काढलं आणि उलटं केलं. खाचेत पिवळट थर चिकटला होता. आजवर त्या बाटली नुसती विसळून, भाग सुटे न करता तशीच उकळत आल्या होत्या.

रडणं कानात घुमत असतानाच त्यांनी सगळे भाग साबणाच्या कोमट पाण्यात ब्रशनं घासले, निपलची खाच बोटानं चोळली, भोकातून पाणी दाबून काढलं, विसळलं आणि मगच सुटे भाग पाण्यात बुडवून उकळले. बाटली निवल्यावर भरलेलं दूध बाळ घटाघटा प्यायलं.

संध्याकाळी आईनं विचारलं, "यानं फार त्रास दिला का हो?"

"यानं नाही," मावशी म्हणाल्या, "मीच देत होते त्याला."