सुनयनाच्या पाकिटावरचं ‘gms.’

दिल्लीत मयूर विहारच्या त्या सोसायटीत मोहित्यांकडं काळा मसाला भाजायला घेतला की पंजाबी शेजारणी खोकत खोकत दार लावून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन यायच्या. म्हणायच्या, ‘थोड़ा सा देना भाभी, कल बड़ी खुशबू आ रही थी.’ खोकायलाही त्याच, मागायलाही त्याच. त्या वाट्यांवरूनच सुनयना मोहितेला धंद्याची बुद्धी सुचली. गंमत म्हणून नाही हो. नवरा विक्रांत, त्याच्या कारखान्याला टाळं लागलेलं. परदेशी माल बाजारात आला, ह्यांची यंत्रं कोण विचारतो? तो सकाळी अंघोळ करून, भांग पाडून, पेपर घेऊन बसायचा. बसून बसून पेपर पिवळा व्हायचा, नोकरी काही यायची नाही. साताऱ्याकडच्या गावी परतायचं बोलणं घरात रोज निघू लागलं. लेकीची, अबोलीची शाळा इथली, तिच्या तोंडातली निम्मी भाषा इथली. तिथं जाऊन जावेच्या हाताखाली भाकरी थापायच्या? नको रे बाबा.

म्हणून नोएडात जे नवं मोठं दुकान निघालं होतं, काचेचं, गार हवेचं, तिथं ती मसाल्याची पुडी घेऊन गेली. तिथल्या भाटिया नावाच्या मॅनेजरनं वास घेतला, डोळे मिटले आणि एक फळी दिली. दिवाळीपर्यंत माल चालला तर कायमची. फळी म्हणजे काय, हातभर लाकूड. पण ती राहिली तर दिल्ली राहिली, गेली तर चंबूगबाळं आवरायचं. इतकं सरळ होतं.

आता पाकीट छापायचं. सुनयनानं इतर कंपन्यांची पाकिटं समोर ठेवून कच्चा मजकूर लिहिला, त्यात वजन ‘200 g’. तो मजकूर सासऱ्यांपुढे जाणं भागच होतं. गुलाबराव मोहिते, फौजेतले निवृत्त हवालदार क्लार्क. छावणीतल्या कचेरीत सारा जन्म टायपिंग केलं. साहेब सही करताना वाचतसुद्धा नसत, एवढी ह्यांच्या इंग्रजीवर भिस्त. निवृत्तीनंतर तेवढीच एक ऐट उरलेली. सोसायटीची नोटीसही म्हाताऱ्याच्या लाल पेनाखालून गेल्याशिवाय फळ्यावर लागत नसे.

त्यांनी चष्मा चढवला आणि ‘g’ खोडून झोकात ‘gms.’ केलं.

“आबा, बाकीच्यांच्या पाकिटावर नुसतं g आहे,” सुनयना म्हणाली. तिनं म्हटलं, हे लक्षात ठेवा.

“बाकीचे अडाणी आहेत पोरी. दोनशे ग्राम म्हणजे अनेकवचन, एस हवा. शब्द आखडला की पुढं टिंब हवं. मी आयुष्यभर Kms. आणि Kgs. लिहिले, एका कर्नलनं बोट ठेवलं नाही.”

यावर सुनेनं काय बोलायचं? विक्रांतनं तिला डोळ्यानंच दटावलं. तिनं ‘gms.’चाच कागद छापखान्यात दिला. घरात होतं नव्हतं ते घालून पाकिटं छापली. छापखानेवाला थोडकी छापेना, म्हणून ढीगभर छापली. माल फळीवर चढला आणि खपू लागला. विक्रांत पेपर सोडून मसाला कुटायला बसू लागला, घरात हसूबिसू ऐकू येऊ लागलं.

आणि एक दिवस दुकानात वजनमापाच्या खात्याचा निरीक्षक आला.

त्यागी त्याचं नाव. बिचारा ओरडला नाही, की हात पुढे केला नाही. केला असता तर एक वेळ सोपं गेलं असतं! त्यानं फळीवरचा सगळा माल खोक्यात घालून लाखेचं सील ठोकलं आणि पाकिटावर पत्ता होता त्या बाईला कचेरीत बोलावलं. भाटियालाही बोलावलं.

सुनयना धावली. बाईमाणूस एकटं नको म्हणून गुलाबराव बरोबर, इस्त्रीचा कोट घालून.

“बहनजी, ग्रामचं चिन्ह g,” त्यागीनं हिंदीत समजावलं. “ते चिन्ह आहे, आखडलेला शब्द नाही. म्हणून पुढं टिंब नाही, आणि एक असो की हजार, एस नाही. किलोमीटरला km, किलोग्रामला kg, मिलिलिटरला ml, बस्स. तुम्ही मागं m लावलात, तो मीटर. s लावलात, तो सेकंद. मसाला विकताय की शर्यत?”

कचेरीतले कारकून हसले. सुनयनाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“वरून बरोबर चिठ्ठी चिकटवते ना साहेब! आत्ता इथं बसून चिकटवते, एकेका पाकिटावर.”

“छापलेलं वजन झाकून नवं चिकटवणं तर त्याहून मना आहे.”

“मग फोडून नव्या पाकिटात भरते!”

“नव्या मालाला नवं पाकीट करा, कोण अडवतंय? हा माल मात्र सीलमध्येच राहील.”

तिनं भाटियाकडे पाहिलं. “भाटियासाहब, साध्या पिशव्यांत, नीट लेबल लावून, नवा माल देते. फळी तेवढी ठेवा.”

भाटियानं होकाराची मान हलवली, पण पुरती नाही. “देखिए मैडम, लिहिणाऱ्याची चूक असेल तर माणूस बदला, मी थांबतो. पण मालकिणीलाच वजन लिहिता येत नसेल, तर उद्या आत काय भरलंय याची हमी मी कुणाच्या जिवावर देऊ?”

तेवढ्यात त्यागीनं कागद पुढे ओढला. “किसने लिखा ये?”

सुनयना थांबली. शेजारच्या खुर्चीत सासरे होते. फौजी माणूस, खोट्याचा तिटकारा असलेला, पोरांना शिस्तीचे धडे देणारा. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं, मी लिहिलं. मग ती म्हणाली असती, पुढं मी स्वतः लिहीन, आणि फळी राहिली असती. बोला ना आबा! ती मनातल्या मनात आकांत करत होती.

गुलाबरावांनी वर पंखा कसा फिरतोय ते पाहिलं. मग कोटाची गुंडी पाहिली.

त्यांचं नाव तिनं घ्यावं? परक्या कचेरीत, हसणाऱ्या कारकुनांसमोर, सासऱ्याचं? जीभ उचलेना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

“मैंने लिखा,” ती म्हणाली.

भाटिया उठला. “सॉरी मैडम,” म्हणाला आणि गेला. वाईट वाटलं असावं त्यालाही, पण फळी दुसऱ्या कुणाला तरी द्यायची होती.

बसस्टॉपवर दोघं उभे राहिले. गुलाबराव घसा खाकरून म्हणाले, “बरं केलंस पोरी. घराची अब्रू राखलीस.”

लग्न होऊन आल्यापासून तिनं ह्या माणसासमोर आवाज चढवला नव्हता. पदर सावरून बोललेली, मागं सरून वाट दिलेली.

“अब्रू ठेवा तुमच्यापाशी!” ती किंचाळली, भरल्या रस्त्यात, मराठीत. “कसली अब्रू आबा? चोर सोडून संन्याशाला फाशी, ही तुमची अब्रू? मी सांगितलं होतं तुम्हाला. चूक झाली, झाली, त्याचं मला काही नाही. पण तिथं एक शब्द बोलायचा होता. माझं घर जात होतं हो डोळ्यांदेखत, आणि तुम्ही गुंडी बघत बसलात! आता अबोलीला काय सांगू मी?”

गुलाबराव तिथंच, लोकांच्या देखत रडायला लागले. “माझ्याकडं दुसरं होतं काय गं,” म्हणाले, “तेवढं एक इंग्रजीच होतं.”

सुनयनाला दया आली नाही, आणि येत नाही म्हणून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.