यमुनातटी पंधरा अक्षरं

"शेवटच्या ओळीत पंधरा अक्षरं आहेत. वसंततिलकेत चौदा लागतात. पद्य बाद," असं म्हणत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी करुणाच्या फाइलवर लाल रेघ ओढली.

माझं डोकंच फिरलं. पनवेलच्या कॉलेजात वृत्तं मी शिकवते आणि हे पद्य मी स्वतः तपासलं होतं. असाइनमेंट होती वसंतातल्या सकाळीवर. करुणा उरणकडच्या कोळ्यांची मुलगी. या पेपरात नापास झाली असती तर तिचं बीएडचं अ‍ॅडमिशन हुकलं असतं.

फाइल ओढून घेतली. शेवटची ओळ होती, 'यमुनातटी किरण ये, जळ मंद बोले'. ही यमुना आली कुठून? मी आमच्या एचओडींकडे पाहिलं. ते शांतपणे चहा पीत होते.

"सर, तुम्ही बदललंत?"

"प्रिंट काढताना जरा सुधारलं. वसंताच्या वर्णनात खाडी कसली घालायची? वास येतो हो!"

"आणि वृत्ताचं काय?"

"भाव बघा मॅडम, भाव."

मी इतकी चिडले की मनातच गण मोजायला लागले. ऱ्हस्व अक्षर लघू. दीर्घ अक्षर, अनुस्वार असलेलं किंवा ज्याच्यापुढे जोडाक्षर आहे ते गुरू. त, भ, ज, ज हे तीन-तीन अक्षरांचे चार गण आणि शेवटी दोन गुरू, हा वसंततिलकेचा साचा. आठव्या अक्षरावर यती, म्हणजे थांबा. ओळ दोन गुरूंनी सुरू होते. 'यमुना' दोन लघूंनी सुरू होते. शिवाय एक अक्षर जास्त, त्यामुळे थांबा नवव्यावर गेला. सरांनी एका शब्दात सगळं बिघडवलं होतं.

"मुलीला बोलवा. तिच्या तोंडून ऐकू," परीक्षक म्हणाले.

करुणा आली, पदराशी चाळा करत उभी राहिली आणि कागद न बघता म्हणू लागली:

आला वसंत उजळे, नभ पूर्वभागी
वाटेवरी पळस हे, जणु लाल आगी
आंब्यास मोहर नवा, पवनात डोले
खाडीवरी किरण ये, जळ मंद बोले

प्रत्येक ओळीत आठव्या अक्षरावर ती थांबत होती. परीक्षक बोटांवर मोजत होते. चौथ्या ओळीला बोटं चौदावर थांबली.

"मग फाइलमध्ये यमुना का?" त्यांनी विचारलं.

"मी नाय लिवली सर. यमुना मी कधी बघितलीच नाय. आमच्या दारात खाडी हाय."

परीक्षकांनी लाल रेघ खोडली, 'यमुनातटी' कापून वर 'खाडीवरी' लिहिलं आणि तिला पास केलं. एचओडींनी माफी मागितली नाही. बाहेर पडताना मला म्हणाले, "तरी यमुना शोभली असती."

"मग तुमच्या पद्यात घाला," मी म्हणाले. "चार ओळी लिहून आणा, मी तपासते."

अजून आणलेल्या नाहीत. हल्ली प्रिंट काढल्यावर मुलांची सही घेऊनच मी फाइल पुढे पाठवते. मुलांच्या चुका मला सापडतात. सुधारणाऱ्यांवर मात्र पहारा ठेवावा लागतो.