मोहफुलांसाठी सरकवलेली शिडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. पवनीजवळच्या एका गावात विहार रंगवताना ताईचा नवरा शिडीवरून पडला, तो माझ्यामुळे.

चौदा एप्रिल जवळ आला की मला आणि भाऊजींना रंगकामातून सवड नसे. शिडीच्या बाबतीत भाऊजी कडक मास्तर. आतल्या छताला घोडी, म्हणजे दोन्हीकडे पाय असलेली दुहेरी शिडी. तिचे चारही पाय पसरून पट्ट्या ताणल्याशिवाय चढू देत नसत. मिटलेली घोडी भिंतीला टेकवली की शिव्या ठरलेल्या. छतावर जायला लांब शिडी, काठाच्या तीन फूट वर निघणारी.

"बारा फुटांवर छत, त पाय तीन फूट बाहेर. चाराले एक. ध्यानात राह्यते का, साळेसाहेब?"

त्या दिवशी त्यांनी शिडी तशीच लावली आणि चहाला गेले. तेवढ्यात शेजारची म्हातारी टोपलीभर मोहफुलं घेऊन अंगणात आली.

"शिडी जराशी भिताकडे घे ना बाबू. फुलं कुठं वाळवू मी?"

मी शिडीचे पाय भिंतीपासून फूटभरावर आणले. फुलं पसरली. भाऊजी आले की सांगू, असं ठरवलं आणि आत घोडीवर जाऊन बसलो. रंगाच्या नादात विसरलो.

भाऊजी आले. आपणच लावलेली शिडी, म्हणून न बघता चढले. घाईत एका हातात बादली. सहा-सात फुटांवर शिडी मागं आली आणि ते बादलीसकट मोहफुलांत. मनगट मोडलं. अंगभर निळा रंग, केसांत फुलं.

म्हातारी ओरडली, "अगं बाई, न पेताच पडला हा!" कळवळतानाही भाऊजी हसले.

दवाखान्यात ते स्वतःच सांगू लागले, "माहीच चूक. दोन पाय अन् एक हात, नायतर दोन हात अन् एक पाय, तीन जागा शिडीले लागूनच पाहिजेत. मी बादली धरून चढून राह्यलो होतो." मी मान डोलावली.

हात बरा झाला. आता ते नव्या रंगाऱ्यांना बादली दोरीनं वर ओढायला शिकवतात आणि आपल्या पडण्याची गोष्ट रंगवून सांगतात. सगळे हसतात. पण लांब शिडीवर ते पुन्हा चढलेले नाहीत. "शिडी मीच जास्त उभी लावली असन. आता माह्या नजरेचा भरोसा नाही," म्हणतात आणि कोन मोजायला मला पुढं करतात.

यंदाही त्यांनी विचारलं, "मोजलं का नीट?"

"मोजलं."

"मंग झालं. तुह्यावर आपला भरोसा आहे."

भाऊजी, तुमची नजर चुकली नव्हती. शिडी मी सरकवली होती. हे तुमच्या तोंडावर सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.